मे महिन्यातले गराडू

"आमच्या इंदूरच्या आजोळावर लेख लिहिलाय. 'वाडा मोठा होता, माणसं प्रेमळ होती, सणावाराला घर भरून जायचं' अशी सुरुवात आहे. वाचणारे म्हणतात, छान आहे, पण कुणाच्याही घराचं वाटतं, जरा तपशील घाला. म्हणजे नेमकं काय घालू आणि कुठून आणू?"

तुमच्या प्रश्नातलं 'कुठून आणू' वाचलं आणि उत्तर लिहायला बसले. मीही तिथेच अडकले होते, आणि मी ते चुकीच्या जागेहून आणलं. मी संपादक नाही, शिक्षिकाही नाही. आठवणींवरचे लेख लिहिते, त्यामुळे पुढचं सगळं तेवढ्यापुरतंच धरा. कथा लिहिणाऱ्यांचे नियम वेगळे असतील.

माझा लेख बाबांवर होता. ताईचं लग्न मे महिन्यात इंदूरला झालं आणि त्या रात्री बाबा पुण्याच्या पाहुण्यांना सराफ्यात, म्हणजे तिथल्या रात्रीच्या खाऊबाजारात, घेऊन गेले, तो प्रसंग. मूळ परिच्छेद असा: 'सराफ्यात खूप गर्दी होती. तऱ्हेतऱ्हेच्या पदार्थांचा सुगंध दरवळत होता. बाबांना लोकांना खिलवायची फार आवड होती.' एका वार्षिक अंकाच्या कार्यालयाने तो परत पाठवला, वर एकच ओळ: 'अजून जिवंत करा.' मी चार विशेषणं वाढवली. पुन्हा परत. या वेळी ओळ होती, 'इंदुरी रंग दिसत नाही.' कुठल्या वाक्यात दिसत नाही हे विचारायला दोनदा फोन केला, कुणी सांगितलं नाही. एवढं एक जरी कुणी बोट ठेवून दाखवलं असतं, तरी पुढचं टळलं असतं असं मला आजही वाटतं.

तिसऱ्या वेळी मी इंदूरच्या खाण्यावरचा वर्तमानपत्रातला जुना लेख समोर घेतला आणि त्यातून रंग भरला. भुट्ट्याचा कीस, खोबऱ्याचे पॅटिस, कढईतून निघणारे गरम गराडू आणि त्यावर भुरभुरलेला जिरावन मसाला. अंकाला आवडलं, छापून आलं.

मग इंदूरच्याच रामबागेतल्या एका वयस्कर गृहस्थांचं पत्र आलं. गराडू हा कंद आहे. तो थंडीत येतो, तुकडे करून तळतात, वर जिरावन आणि लिंबू. त्यांनी फक्त विचारलं होतं, 'मे महिन्यात गराडू कुठे मिळाले?' एवढं असतं तर मी चूक कबूल करून मोकळी झाले असते. पण त्याच लेखात शेवटी एक खरी गोष्ट होती. जिलेबीवाल्याने घाईत वीस रुपये जास्त परत दिले होते, ते द्यायला बाबा घरून पुन्हा सराफ्यात गेले. पत्राच्या खाली त्यांनी लिहिलं होतं, 'मग ते वीस रुपये तरी खरे का?' बाबा तेव्हा हयात नव्हते. अंकाने दुरुस्तीही छापली नाही. एका उसन्या पदार्थामुळे बाबांची खरी गोष्ट संशयात गेली, याची बोच अजून आहे.

म्हणून माझं पहिलं ठाम मत: जे इंदूरबद्दल कुणालाही माहीत असतं, ते तुमच्या परिच्छेदात तपशील म्हणून चालत नाही. राजवाड्याचे सात मजले, खालचे तीन दगडी आणि वरचे चार लाकडी, ही खरी माहिती आहे, पण ती तुमच्या आजोळाची नाही. तुमच्या गच्चीवरून त्यातले किती मजले दिसायचे, हे मात्र तुमचं.

दुरुस्त करायला बसले तेव्हा मी आईला आधी विचारलं, 'ती रात्र कशी होती?' ती म्हणाली, 'छान होती.' असा प्रश्न विचारला की असंच उत्तर येतं. मग वस्तूंबद्दल विचारायला लागले. सराफ्यापर्यंत कशातून गेलात? टेम्पोतून, दोन खेपांत. हातात काय होतं? इथे आई थांबली आणि म्हणाली, 'अगं, डबा.' पुण्याच्या आत्याबाई रात्री बाहेरचं काही खात नसत, म्हणून बाबांनी घरून थालिपिठाचा स्टीलचा डबा घेतला होता आणि तो पूर्ण वेळ स्वतःच्या हातात धरून ते फिरत होते. ही गोष्ट मी आयुष्यात पहिल्यांदा ऐकत होते.

त्यानंतरचा परिच्छेद असा झाला:

'सोन्याचांदीची दुकानं बंद होऊन त्यांच्या ओट्यांवर खाण्याची मांडामांड झाली होती. आत्याबाई एका बंद शटरला टेकून उभ्या राहिल्या. बाबांनी सगळ्यांसाठी शिकंजी सांगितली. लिंबाचं सरबत येईल म्हणून थांबलेल्या पुणेकरांपुढे दाट दुधाचे, सुक्या मेव्याचे ग्लास आले. आत्याबाईंनी एक घोट घेतला, मग दुसरा. थालिपिठाचा डबा तसाच घरी परत आला.'

यात 'खिलवायची आवड होती' हे वाक्य नाही, कारण डब्याने ते सांगून टाकलं. सुगंधाचं वाक्यही काढलं. त्या रात्रीचा वास आईला आठवत नव्हता, मला तर नाहीच, मग लिहायचा कशावरून? आणि शिकंजीचं इतकं सविस्तर मुद्दाम ठेवलं. इंदूरबाहेरच्या वाचकाला शिकंजी म्हणजे लिंबूपाणीच वाटतं, आणि तो गैरसमज आत्याबाईंबरोबरच त्याचाही दूर होतो. त्यासाठी वेगळं समजावून सांगणारं वाक्य लागत नाही.

दुरुस्त केलेला लेख छापायला देण्याआधी मी एक काम केलं, ते तुम्हीही करा. मे महिन्यातच संध्याकाळी सराफ्यात जाऊन उभी राहिले. साडेआठच्या सुमाराला एकेक शटर खाली येत होतं आणि एक पोरगा बादलीने ओटा धूत होता. ओटा वाळायच्या आत त्यावर शेगडी आली. हे लेखात घातलं नाही, कारण ते आजचं आहे, त्या रात्रीचं नाही. पण ऋतू आणि वेळ जुळतात याची खात्री झाली. आठवण कुणाकडून तपासून घेता येत नाही. ऋतू, वेळ, भाव आणि अंतर तपासता येतात, आणि वाचक तुम्हाला नेमका तिथेच पकडतो. भाव लिहिलात तर साल नक्की माहीत असू द्या, नाहीतर सोडून द्या.

जाता जाता एक: लग्नाच्या अल्बममध्ये माणसांचे चेहरे सोडून कोपरे बघा. भिंतीवरचं कॅलेंडर, पायांतल्या चपला, मागे रचलेल्या सतरंज्या. मला ताईच्या अल्बममध्ये तो डबा खरंच दिसला, खुर्चीखाली ठेवलेला.

आता तुमची तीन वाक्यं. 'वाडा मोठा होता' आणि 'माणसं प्रेमळ होती' यांना सध्या हात लावू नका, ती बहुधा आपोआप गळतील. 'सणावाराला घर भरून जायचं' हे धरा, पण 'सण' नको, एकच सण आणि एकच वर्ष घ्या. प्रत्येक वाक्यात तपशील कोंबू नका, मी तीच चूक केली होती. एका परिच्छेदात माणसाचं वागणं दाखवणारी एक वस्तू पुरते. मामींना फोन करा आणि 'मजा यायची ना?' असं विचारू नका. समजा दिवाळी घेतलीत, तर त्या दिवाळीत गाद्या किती कमी पडल्या, कुणाच्या घरून आणल्या, बंबातलं गरम पाणी कितव्या आंघोळीला संपायचं आणि ते संपलं की गार पाण्याने मुकाट्याने कोण आंघोळ करायचं, हे विचारा. एखादं उत्तर आलं नाही तर 'हे आता घरात कुणालाच आठवत नाही' असंच लिहा आणि पुढे जा.