मराठी-इंग्रजी नोटीस शेजारीशेजारी लावताना ओळी का घसरतात

तू स्पेस आणि टॅब मारून दोन भाषा समोरासमोर आणल्यास ना, तिथेच गडबड आहे, एक शब्द बदलला की खालचं सगळं सरकणार. वर्डमधले कॉलमही नको, कारण त्यात मजकूर डावीकडून वाहत उजवीकडे जातो, जोडी जमत नाही. दोन रकान्यांचं टेबल घे आणि प्रत्येक मुद्द्याला एक रो, डावीकडे मराठी, उजवीकडे इंग्रजी. मराठी तीन ओळी आणि इंग्रजी दोनच झाल्या तरी पुढचा मुद्दा दोन्हीकडे एकाच रेषेत सुरू होतो. टेबलची बॉर्डर शेवटी काढून टाक.

आता रोच्या आतल्या ओळी. देवनागरीला वर वेलांटी, रफार आणि खाली उकार, म्हणून `Single` ठेवलं की मराठी ओळ बहुतेक वेळा जास्त उंची घेते. सगळं टेबल सिलेक्ट करून `Line spacing` मध्ये `Exactly` निवड, १२ पॉइंटच्या अक्षराला २० पॉइंटपासून सुरुवात कर, `Before` आणि `After` दोन्हीकडे सारखंच.

मग 'र्की', 'ट्रू' असली अक्षरं प्रिंटमध्ये बघ, वरून किंवा खालून कापली जात असतील तर २२ कर, पण दोन्ही रकान्यांत.