फ्रिजला स्टॅबिलायझर, टीव्हीला सर्ज प्रोटेक्टर

प्रश्न: गावात संध्याकाळी व्होल्टेज खूप उतरतं. परवा विजा कडाडल्या तेव्हा टीव्ही आणि राउटर गेले. स्टॅबिलायझर घेऊ की सर्ज प्रोटेक्टर?

उत्तर: दोन्ही घ्या, पण वेगवेगळ्या वस्तूंसाठी.

व्होल्टेज उतरण्याचा खरा त्रास फ्रिजला होतो. कॉम्प्रेसर सुरू होऊ शकत नाही, नुसता घुमतो, मग टक आवाज होऊन बंद पडतो आणि थोड्या वेळाने पुन्हा तेच. असं रोज होऊ दिलं तर त्याचं वाइंडिंग जळतं. म्हणून फ्रिजला टाइम डिले असलेला स्टॅबिलायझर लावा. बहुतेक नव्या टीव्हींना त्याची गरज नसते. मागच्या लेबलवर 100-240 V लिहिलंय का बघा.

विजेचा झटका मायक्रोसेकंदांत येऊन जातो. स्टॅबिलायझरचा रिले तेवढ्यात हलतही नाही. तिथे सर्ज प्रोटेक्टरच हवा, आणि त्याला चांगलं अर्थिंग हवं. टीव्हीचा लाल दिवाही लागत नसेल, जळका वास येत असेल, तर बहुधा पॉवर सप्लाय बोर्ड गेलाय. तो अनेकदा दुरुस्त होतो. राउटर चालू होऊनही लॅन पोर्ट मेला असेल तर झटका केबलमधून आलाय. म्हणून गडगडाट सुरू होण्याआधीच प्लग आणि केबल दोन्ही काढा. जवळ पडलेल्या विजेपुढे प्रोटेक्टरही टिकत नाही.

एक मात्र लक्षात ठेवा: काही दिवे अचानक प्रखर आणि काही मंद झाले तर न्यूट्रल तुटल्याची शक्यता असते. लगेच मेन स्विच बंद करून वायरमनला बोलवा.