मंडळाचा स्वागतफलक पहिल्यांदाच लिहिताय?

दादा, कमानीवर मजकूर तीनच ओळींत बसवा: वर मंडळाचं नाव, मध्ये सगळ्यात मोठं 'गणेशभक्तांचे हार्दिक स्वागत', खाली गाव आणि वर्ष. नवीन माणूस इथेच सगळ्या कार्यकर्त्यांची नावं घुसवतो, मग स्वागत बारीक होतं. नावांना वेगळा फलक करा, रुसवेही तिकडेच राहतील.

पन्नास फुटांवरून सहज वाचायचं तर मधल्या ओळीचं अक्षर निदान पाच-सहा इंच उंच हवं. कडेला अर्धा फूट मोकळं सोडा, नाहीतर दोरीच्या रिंगा अक्षरांतच येतात.

छपाईवाल्याकडे फॉन्ट बदलला की 'हार्दिक'चा रफार हमखास सरकतो. 'भक्तांचे'वरचा अनुस्वार गळला तर स्वागत एकाच भक्ताचं! त्यामुळे छापण्याआधी प्रूफ मोठं करून वाचा.