'ऑल-पास'चा विलंब: देतो की वाटतो?

प्रश्न: डिजिटल ध्वनीवरच्या एका लेखाचं मराठी करतेय. 'ऑल-पास फिल्टर'साठी मी 'सर्वपारक गाळणी' लिहिलं, तर संपादकांनी विचारलं, सगळंच जाऊ देते तर ती गाळणी कसली? पुढे लिहिलंय की याचा पहिल्या क्रमाचा टप्पा 'फ्रॅक्शनल डिले' देतो आणि 'फेज इक्वलायझर' म्हणूनही चालतो. ही दोन वेगळी कामं आहेत का? आणि 'फेज' नि 'डिले' दोन्हींना 'विलंब' म्हटलं तर चालेल का?

उत्तर:

शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण बाकीचा गोंधळ तिथूनच होतो. नाही, चालणार नाही. फेज म्हणजे कला. तरंग आपल्या फेऱ्यात कुठे पोचला आहे ते कला सांगते, आणि ती मोजायची अंशांत. विलंब मोजायचा वेळात. १०० हर्ट्झचा स्वर ९० अंश मागे पडला तर तो अडीच मिलिसेकंद उशिरा आला. १००० हर्ट्झचा स्वर तेवढेच ९० अंश मागे पडला तर उशीर फक्त पाव मिलिसेकंद. कलेतला फरक सारखा, विलंब दहापट वेगळा. तुमच्या लेखातला फिल्टर नेमका या दोहोंच्या मधल्या जागेत काम करतो, म्हणून 'कला' आणि 'विलंब' हे शब्द शेवटपर्यंत वेगळेच ठेवा.

संपादकांची शंका रास्त आहे, पण ती 'गाळणी' या शब्दामुळे आली आहे. अभियांत्रिकीत फिल्टर म्हणजे वेगवेगळ्या वारंवारतांना वेगवेगळी वागणूक देणारी कोणतीही रचना. ही वागणूक आवाजाच्या पातळीत असेल किंवा कलेत. ऑल-पासमधला 'पास' फक्त पातळीबद्दल बोलतो: सगळ्या वारंवारता आल्या तेवढ्याच जोराने बाहेर पडतात. बदल होतो तो त्यांच्या कलेत. मी 'सर्वपारक फिल्टर' लिहीन. 'सर्वपारक' हा शब्द 'नीचपारक', 'उच्चपारक' यांच्या पंगतीत बसतो आणि 'फिल्टर' मराठीच झालेला आहे.

आता मुख्य गोष्ट. पहिल्या क्रमाचा टप्पा एवढाच असतो:

```
y  = a*x + x1 - a*y1
x1 = x
y1 = y
```

`x` हे आत आलेलं ताजं सँपल, `x1` आणि `y1` ही आधीची आत आलेली आणि बाहेर गेलेली सँपलं. सूत्ररूपात `H(z) = (a + z^-1) / (1 + a*z^-1)`. वरचे सहगुणक `a, 1` आणि खालचे `1, a`: तीच जोडी, उलट क्रमाने. या आरशातल्या प्रतिमेमुळे प्रत्येक वारंवारतेला अंश आणि छेद यांची लांबी सारखीच येते, आणि भागाकार नेहमी १. `a` मात्र −१ आणि १ यांच्या मध्ये हवा, नाहीतर फिल्टर स्थिर राहत नाही.

कलेचं काय होतं? शून्य वारंवारतेला कला शून्य असते. सँपल दराच्या निम्म्या वारंवारतेला, म्हणजे नायक्विस्टला, ती बरोबर −१८० अंश होते. ही दोन्ही टोकं `a` काहीही असला तरी हलत नाहीत. `a` फक्त मधल्या वक्राला पोट कोणत्या बाजूला येईल ते ठरवतो. याचा अर्थ असा की एका टप्प्याचा गटविलंब सगळ्या वारंवारतांवर सरासरी काढला तर तो नेहमी एक सँपल येतो. (गटविलंब म्हणजे वारंवारतेबरोबर कला किती वेगाने उतरते त्याचं माप.) खालच्या स्वरांना एकापेक्षा कमी दिला तर वरच्यांना एकापेक्षा जास्त मिळणारच. म्हणून हा फिल्टर विलंब 'देतो' म्हणण्यापेक्षा एका सँपलचा विलंब 'वाटतो' म्हणणं मला जास्त बरोबर वाटतं. लेखात ज्या दोन कामांचा उल्लेख आहे, ती एकाच वाटपाकडे दोन बाजूंनी पाहणं आहे.

पहिली बाजू अपूर्णांकी विलंबाची. खालच्या वारंवारतांना मिळणारा विलंब `(1-a)/(1+a)` सँपल असतो. उलटं सोडवलं की `D` एवढा विलंब हवा असल्यास `a = (1-D)/(1+D)`. याची गरज कुठे लागते? केव्हिन कार्प्लस आणि अ‍ॅलेक्स स्ट्राँग यांची छेडलेल्या तारेची पद्धत १९८३ मध्ये 'कॉम्प्युटर म्युझिक जर्नल'मध्ये आली. त्याच वर्षी त्याच नियतकालिकात डेव्हिड जॅफी आणि ज्युलियस स्मिथ यांनी तिच्यात भर घातली, आणि तार सुरात लावायला हाच सर्वपारक टप्पा वापरला. पद्धत अशी: सँपलांच्या एका रांगेत यादृच्छिक आकडे भरायचे, बाहेर पडणाऱ्या लागोपाठच्या दोन सँपलांची सरासरी घ्यायची आणि ती पुन्हा रांगेत टाकायची. रांगेची लांबी म्हणजे स्वराचा आवर्तकाल. ती सरासरी स्वतः अर्ध्या सँपलचा विलंब घालते.

१०४६.५ हर्ट्झचा स्वर घेऊ. सँपल दर ४४,१०० असेल तर एका आवर्तनाला ४२.१४ सँपल लागतात. सरासरीचं अर्धं वजा केलं की रांगेला उरतात ४१.६४. रांगेत मात्र सँपल पूर्णच असतात. ४२ घेतली तर स्वर १०३७.६ ला, सुमारे १५ सेंट उतरलेला. ४१ घेतली तर १०६२.७ ला, सुमारे २६.५ सेंट चढलेला. सेंट म्हणजे समविभागी अर्ध्या स्वराचा शंभरावा भाग. प्रमाणश्रुती साधारण २१.५ सेंटची असते हे लक्षात घेतलं तर हा फरक साध्या कानालाही खटकेल.

मग ४१ ची रांग ठेवायची आणि उरलेल्या ०.६४ साठी एक टप्पा जोडायचा: `a = (1-0.6405)/(1+0.6405) = 0.219`. १०४६.५ हर्ट्झला प्रत्यक्षात मिळणारा विलंब ०.६४१ सँपल येतो. चूक एका सेंटच्या तिसाव्या भागाएवढी, म्हणजे सोडून द्यावी अशी.

कुणी म्हणेल, शेजारच्या दोन सँपलांचं भारित मध्य काढलं की अपूर्णांक मिळतो, मग एवढा खटाटोप कशाला? कारण मध्य काढणं उंच वारंवारता दाबतं. अर्ध्या सँपलच्या मध्यात या तारेचा दहावा स्वरांश (सुमारे १०,४६५ हर्ट्झ) ७३ टक्क्यांवर येतो, आणि ते दर फेरीला होतं, म्हणजे सेकंदाला हजारावर वेळा. त्यात भर अशी की अपूर्णांक किती आहे त्यावर ही घट ठरते. म्हणून एका स्वराची तार चमकदार वाजेल आणि शेजारच्या स्वराची मुकी. सर्वपारक टप्पा पातळीला हातच लावत नाही, त्यामुळे ही अडचण येत नाही.

वाटपाची किंमत मात्र मोजावी लागते. त्याच दहाव्या स्वरांशाला ०.६४ ऐवजी ०.७२ सँपलचा विलंब मिळतो, त्यामुळे तो सुमारे ३ सेंट उतरतो. खऱ्या ताठ तारेत उलट होतं, वरचे स्वरांश थोडे चढे असतात. हवं तर रांग ४० ची करा आणि टप्प्याकडे १.६४ सोपवा. मग `a` येतो −०.२४३, आणि दहावा स्वरांश सुमारे १३ सेंट चढतो. मूळ स्वर दोन्ही वेळा जागेवर, फक्त वरच्यांचा कल बदलला. पियानोच्या तारेचा ताठपणा संगणकावर आणताना ऋण `a` चे असे टप्पे एकापुढे एक लावतात ते याच कारणाने.

`D` शून्याजवळ मात्र नेऊ नका. ०.०५ घेतलात तर `a` ०.९०५ होतो, आणि टप्प्यात धन-ऋण, धन-ऋण अशी झणझण सुमारे ७० सँपल रेंगाळते. ०.६४ ला तीच ५ सँपलांत विरते. अपूर्णांक फार लहान आला तर रांगेतलं एक सँपल काढून टप्प्याला द्यायचं.

दुसरी बाजू कला सारखी करण्याची. इथे 'इक्वलायझर' शब्द फसवा आहे, कारण म्युझिक सिस्टिमवर तो पातळीच्या पट्ट्यांसाठी वापरतात. 'कला-समकारक' लिहा. समजा, एखाद्या मार्गातून उंच वारंवारता खालच्यांपेक्षा २ सँपल उशिरा येतात. उशिरा आलेल्यांना लवकर आणता येत नाही, आधी आलेल्यांना थांबवता येतं. `a = -0.414` घेतला की टप्पा तळाच्या वारंवारतेला २.४१४ सँपल थांबवतो आणि नायक्विस्टला ०.४१४. फरक बरोबर २, दोन्ही टोकं जुळली. पण मधोमध पाहा: तिथे विलंब ०.७०७ आहे. मार्गातला उशीर सरळ रेषेत वाढत असेल तर तिथे १.४१४ लागला असता. एका टप्प्याचा वक्र तळापासून वरपर्यंत एकाच दिशेने जातो, त्याला मध्ये उंचवटा येत नाही. ज्या मार्गाचा विलंब मध्येच फुगतो तिथे दुसऱ्या क्रमाचा टप्पा लागतोच.

लेखातलं गणित तपासताना चिन्हांकडे लक्ष द्या. काही पुस्तकं `a` उलट चिन्हाने लिहितात, आणि दोन पुस्तकांतली अर्धीअर्धी ओळ उचलली की आरसा फुटतो. वरच्या कोडमध्ये `- a*y1` ऐवजी `+ a*y1` झालं तर ०.२१९ ला शून्य वारंवारतेची पातळी १ ऐवजी १.५६ होते, आणि तारेच्या फेऱ्यात ती दर वेळी वाढत जाऊन आवाज फाटतो. ओळखायची सोपी खूण: एकच सँपल १ आणि बाकी शून्य असं आत घाला, बाहेरच्याचा वर्णपट काढा. तो सपाट आला नाही तर चिन्ह चुकलंय.

आणखी एक मर्यादा लेखात आली असेल तर ती गाळू नका. तार वाजत असताना मींड घ्यायला `a` बदलत गेलं की आत साठलेलं `y1` जुन्या `a` चं असतं आणि प्रत्येक बदलाला बारीक टिकटिक ऐकू येऊ शकते. स्थिर सुराला सर्वपारक टप्पा उत्तम. सरकत्या सुराला बहुधा लाग्रांजचं अंतर्वेशन घेतात. त्यात जुन्या उत्तराची आठवण नसल्याने हा खटका टळतो, पण उंच वारंवारता थोड्या दबतात.