पाठटाचणाचा फोटो साच्यात बसवताना शेवटापासून सुरुवात करा

प्रश्न: हाताने लिहिलेल्या पाठटाचणाचा फोटो आहे. तो उद्दिष्टे, कृती, मूल्यमापन अशा टाइप केलेल्या साच्यात हवाय. नुसतं उतरवून काढलं तर रकान्यांत बसत नाही. काय करू?

थेट साच्यात टाइप करू नका. आधी कोऱ्या पानावर जसंच्या तसं उतरवा, समासातल्या नोंदी आणि बाणांसकट. शब्द लागला नाही तर तिथे [?] टाका, अंदाज नको. फोटोतून अक्षरं ओळखणारं अ‍ॅप वापरत असाल तर अपूर्णांक डोळ्यांनी तपासा, कारण वर-खाली लिहिलेले अंश आणि छेद कधी कधी दोन वेगळ्या ओळींत जातात.

मग प्रत्येक ओळीपुढे उ, कृ किंवा मू लिहा. खरी गंमत इथे कळते. मी एका सहकाऱ्याचं अपूर्णांकांचं टाचण असं उतरवलं होतं. वर 'अपूर्णांकांची तुलना समजावणे', मध्ये 'कागदाच्या घड्या, 5 मि.', 'भाग रंगवणे, 10 मि.', 'फळ्यावर उदाहरणे, 10 मि.', 'जोडीने सोडवणे, 15 मि.' आणि शेवटी '1/3 मोठा की 1/4? विचारणे'. 'समजावणे' पाहून मी ते उद्दिष्टात टाकणार होतो, पण समजावतो तो शिक्षक. मूल काय करू शकेल, हे त्यात कुठेच नाही.

ते सापडलं शेवटच्या ओळीत. 4 हा 3 पेक्षा मोठा म्हणून 1/4 मोठा, असं बरीच मुलं म्हणतात आणि तो प्रश्न त्यासाठीच होता. म्हणून उद्दिष्ट लिहिलं: 'विद्यार्थी अंश समान असलेल्या दोन अपूर्णांकांतील मोठा ओळखतो व आकृती काढून कारण सांगतो.' टाचणात उद्दिष्ट धूसर असलं की मी आता आधी मूल्यमापनच वाचतो.

तोच प्रश्न कृतीत घ्यायचा की मूल्यमापनात, यावर मी बराच वेळ अडलो होतो. वर्गाने एका सुरात उत्तर दिलं तर ती कृती, कारण कोणाला आलं नाही ते कळत नाही. प्रत्येकाने आपल्या चिठ्ठीवर लिहून दिलं तर मूल्यमापन. टाचणात नुसतं 'विचारणे' होतं, म्हणून त्या सहकाऱ्यांनाच विचारलं. 'चिठ्ठ्या घेतो मी, लिहायचं राहिलं,' म्हणाले.

साचा करताना एका उद्दिष्टाला एक आडवी ओळ द्या. त्याची कृती आणि मूल्यमापन त्याच ओळीत येऊ द्या. एखादा रकाना रिकामा राहिला तर राहू द्या. तो भरण्यासाठी मनाचं काही घालू नका, टाचणवाल्याला दाखवा.

मिनिटांची बेरीजही करा. वरच्या टाचणात ती 40 भरली आणि तासिका होती 35 मिनिटांची. चिठ्ठ्यांचा वेळ तर त्यात धरलेलाच नव्हता. शेवटी त्यांनी जोडीकाम 8 मिनिटांवर आणलं, चिठ्ठ्यांना 2 दिली.