दिवाळीत वन आरके सजवायचं तर एकच मोठी वस्तू कोणती?

‘आमचं वन आरके आहे, भाड्याचं. दरवर्षी माळा, तोरणं, फुलदाण्या आणते आणि घर नुसतं भरल्यासारखं दिसतं. यंदा एकच मोठी वस्तू लावायची आहे. काय लावू आणि कुठे?’

बांबूच्या कामट्यांचा मोठा आकाशकंदील, आणि तो घराच्या आत. मी तीन वर्षं हेच करते आहे. आमची खोली दहा बाय बाराची. कंदील दोन फूट रुंद, खाली दीड फुटाच्या झिरमिळ्या.

जागा मधोमध घेऊ नका, तिथे पंखा असतो. दारातून आत आल्यावर समोर तिरका दिसणारा कोपरा निवडा. नेहमीच्या ४८ इंची पंख्याचं पातं छताच्या हुकापासून दोन फूट पोहोचतं. कंदिलाचा मध्य दोन्ही भिंतींपासून दीड-दीड फुटावर ठेवला, तर आमच्या खोलीत पातं आणि कंदील यांत अडीच फुटांहून जास्त अंतर राहतं. तरी वाऱ्याने कंदील गरगर फिरतो आणि वायरला पीळ बसतो, म्हणून खालच्या कामटीला दोरा बांधून तो खिडकीच्या गजाला अडकवा. घरमालक खिळा ठोकू देत नसेल तर पडद्याच्या रॉडचं टोक चालतं, कागदी कंदिलाला वजन फारसं नसतंच. पडदा मात्र बाजूला सारून बांधून ठेवा.

कोपराच का, तर दोन भिंती उजेड परत खोलीत टाकतात. भिंती पांढऱ्या असतील तर फारच छान. पहिल्या वर्षी मी लाल जिलेटिनचा कंदील आणला होता. अख्खी खोली लाल झाली, ताटातल्या करंज्यासुद्धा लालभडक दिसत होत्या, आणि दुसऱ्याच दिवशी ट्यूबलाइट लावावी लागली. ट्यूब लागली की कंदील मेलाच. आता अंगाला पांढरा बटर पेपर आणि रंग फक्त कडांना नि झिरमिळ्यांना. आत सात वॅटचा पिवळसर एलईडी. जुना तारेचा बल्ब नको, त्याच्या आचेने कागद करपतो.

बल्ब दुधी काचेचा घेतला तर उजेड सगळीकडे सारखा पसरतो. स्वच्छ काचेचा, आत उभ्या तारा दिसतात तसा एलईडी घेतला, तर कामट्यांच्या सावल्या जास्त ठळक उमटतात, भिंतीपासून छतापर्यंत. मला हाच आवडतो. पहिल्या संध्याकाळी तो लावला तेव्हा सासूबाई स्वयंपाक टाकून ओट्यापासून बाहेर आल्या आणि भिंतीवर सावल्यांनी उमटलेल्या चांदणीवर हात फिरवत उभ्या राहिल्या.

बाकी काही लावू नका. उंबऱ्याबाहेर दोन पणत्या पुरेत, कंदिलाखाली एकही नको. आम्ही त्रिपुरी पौर्णिमेपर्यंत ठेवतो. मग कागद काढून नुसता सांगाडा माळ्यावर, पुढच्या वर्षी खळ करून नवा कागद.