खुनी कोण, हे कळायला हवं

प्रिय,

जेवणाच्या पार्टीत पाहुण्यांनी खुनी शोधायचा, त्या तुझ्या खेळाचे आठही कागद वाचले. सदाशिव पेठेतला वाडा, माडीवर मेलेले भाऊसाहेब आणि बिल्डरला जागा द्यायला टपलेला भाचा, सगळं जमलंय. अडचण एकच आहे: लाइट गेले होते, हा मुख्य धागा तू फक्त वकिलाच्या कागदावर ठेवलायस.

माझ्या पहिल्या पार्टीत मी हेच केलं होतं. निर्णायक पावती एका लाजाळू पाहुण्याकडे दिली. तो मसालेभात जेवला, पान खाल्लं आणि पावती शर्टाच्या खिशात ठेवून कोथरूडला घरी गेला. बाकीचे रात्री साडेअकरापर्यंत भांडत बसले.

म्हणून हा धागा तीन ठिकाणी ठेव. पण कुणाच्याही तोंडी 'भाचा खोटं बोलतोय' असं घालू नकोस, प्रत्येकाला आपापली कुरकुर दे. स्वयंपाकीणबाईंच्या कागदावर लिही: 'पावणेआठला मिक्सर अर्ध्यात बंद पडला, वाटण पाट्यावर वाटावं लागलं.' वकील त्याच वेळी मेणबत्ती मागायला आला. आणि भाऊसाहेबांच्या डायरीत आठ वाजता लिहिलेली ओळ: 'कंदिलात तेल संपत आलंय.' डायरी कुणाच्या हातात नको, दुसऱ्या फेरीत सरळ टेबलावर ठेव. एखादा पाहुणा आयत्या वेळी आलाच नाही, तरी खेळ अडत नाही.

आता हे तिन्ही ज्याच्यावर आदळायचं, ते भाच्याचं वाक्य सगळ्यांच्या कानावर पडायला हवं. सूप येताच प्रत्येकाने 'आठ वाजता मी कुठे होतो' हे दोन ओळींत मोठ्याने वाचायचं. भाचा म्हणेल, खाली टीव्हीवर बातम्या पाहत होतो. तेव्हा कुणाला काही खटकणार नाही.

नियम कागदावर ठळक लिही: खोटं फक्त खुन्याने बोलायचं. इतरांनी लपवलं तरी चालेल, पण थेट विचारलं तर कागदावरचं खरं सांगायचं. नाहीतर हौशी नट मंडळी मनाने अफेअर जोडतात आणि तुझं गणित बिघडतं.

कागद चार दिवस आधी पाठव, एका पानापेक्षा जास्त कुणी वाचत नाही. न येणाऱ्या एखाद्या मैत्रिणीला मात्र सगळे कागद आधी वाचायला दे. पहिल्याच फेरीतला मजकूर वाचून तिने भाच्याचं नाव घेतलं, तर वकिलाची मेणबत्ती दुसऱ्या फेरीत वाटायच्या पाकिटात ढकल.

आणि पुऱ्या नकोत गं! तू कढईपाशी अडकशील आणि पाकिटं वाटायला कुणी उरणार नाही.

श्रीखंडाआधी चिठ्ठ्या घे: कोण, का आणि कशावरून. 'कशावरून' लिहायला लावलं की नुसते अंदाज गळतात. चिठ्ठ्या मोठ्याने वाच, मग मिक्सर, मेणबत्ती, कंदील याच क्रमाने आठवण करून दे आणि गप्प बस. टीव्हीचं नाव तू काढू नकोस, कुणीतरी ओरडेलच. मग भाच्याने उभं राहून कबुली द्यायची. ती त्याच्या तोंडून यावी, तुझ्या नव्हे.

डायरीशेजारी मठ्ठ्याचा जग ठेवू नकोस. शाई फुटते.

तुझी,
मावशी